आगोटीचे धान्य

तांदळाचा दाणा हाताला कोरडा लागतो, तरी त्याच्या वजनातला जवळजवळ आठवा हिस्सा पाणीच असते. चांगल्या वाळलेल्या तांदळात साधारण साडेबारा टक्के पाणी असते आणि ते कायम तेवढेच राहत नाही. भोवतालची हवा कोरडी असली की दाणा पाणी सोडतो, हवा दमट झाली की ते ओढून घेतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर तांदूळ १३ ते १४ टक्क्यांवर स्थिरावतो. हीच आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली आणि धान्य उघडे राहिले, तर तो हळूहळू १८ टक्क्यांकडे सरकतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमधली हवा बहुतेक दिवस ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. पाऊस धान्याच्या अंगावर पडला नाही, तरी हवेतून तो पोत्यात शिरतोच.

किती शिरतो, हे हिशेबाने पाहता येते. २५ किलो तांदळात साडेबारा टक्के पाणी धरले, तर सुका तांदूळ २१ किलो ८७५ ग्रॅम भरतो. हेच पोते पावसाळ्यात उघडे राहून १५ टक्क्यांवर गेले, तर सुका भाग तेवढाच राहून पोत्याचे वजन २५ किलो ७३५ ग्रॅम होते. म्हणजे कोणी एक थेंब न ओतता जवळजवळ पाऊण लिटर पाणी त्या पोत्यात मुरलेले असते. १४ टक्क्यांच्या वर गेलेल्या धान्यावर बुरशीला जम बसवता येतो, आणि दाणा मऊ झाल्यामुळे किडीचेही फावते. सादळलेल्या तांदळाला येणारा कुबट वास ही या प्रक्रियेची फार पुढची खूण आहे. तो वास येईपर्यंत बुरशी बरीच पसरलेली असते.

धान्य पुरेसे कोरडे आहे की नाही, हे घरच्या घरी पाहण्याची एक जुनी आणि भरवशाची रीत आहे. झाकणाची काचेची बाटली पूर्ण कोरडी करून घ्यावी. दोन-तीन चमचे बारीक मीठ तव्यावर परतून गार करावे, कारण पावसाळ्यात मीठ स्वतःच ओले असते आणि ओले मीठ घेतले तर परीक्षेला अर्थ राहत नाही. बाटलीत तिसरा भाग धान्य आणि हे मीठ घालून झाकण लावावे, मिनिटभर हलवावे आणि दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. मीठ मोकळे राहून तळाशी उतरले, तर धान्य साठवण्याजोगे आहे. मीठ काचेला आतून चिकटून बसले, तर धान्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त पाणी आहे आणि ते डब्यात भरण्याच्या लायकीचे नाही.

म्हणूनच किनारपट्टीवर धान्याची खरी कामे पावसाच्या आधी उरकली जातात. कोकणात या तयारीला आगोट म्हणतात, गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेंत हा शब्द आहे. मे महिन्यातले कडक ऊन हे या साठवणीतले सर्वांत मोठे औषध. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर आलेली उघडीप त्याची भरपाई करू शकत नाही. त्या उन्हाखालची हवाही दमटच असते. दुपारी तापलेले धान्य संध्याकाळी अंगणात राहिले, तर गमावलेले पाणी परत घेते.

दमटपणा बाहेरून येतो, कीड मात्र बहुतेक वेळा दाण्याच्या आत बसून घरात येते. हे लक्षात आले नाही की सगळे उपाय चुकीच्या जागी होतात. डबा चकचकीत होता, झाकण घट्ट होते, तरी महिन्याभरात तांदळात टोके कुठून आले, हा प्रश्न दर पावसाळ्यात घरोघरी पडतो. टोका किंवा पोरकिडा म्हणून ओळखला जाणारा तांदळातला सोंडेवाला किडा जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा असतो. त्याची मादी सोंडेने दाण्यात बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि स्वतःच्या चिकट स्रावाने भोक लिंपून टाकते. असा दाणा वरून अखंड दिसतो. अळी आत जन्मते, आतलाच तांदूळ खाते, आतच कोषात जाते, आणि भोक पाडून बाहेर पडतो तो थेट पूर्ण वाढलेला किडा. पावसाळ्याच्या उष्णतेत या सगळ्याला चार ते पाच आठवडे लागतात. एक मादी आयुष्यात ३०० पर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त अंडी घालते.

निवडताना, पाखडताना, चाळताना जे किडे निघतात ते त्या घडीला बाहेर असलेले. दाण्यांतल्या अळ्या सुपातून तशाच परत डब्यात जातात. तांदूळ स्वच्छ निवडून भरला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा किडे दिसले, तर त्यात निवडणाऱ्याची चूक नसते. दाण्यात बसलेली पिढी त्या वेळी बाहेर आलेली असते.

यावर सोपा बंदोबस्त म्हणजे नमुना ठेवणे. तांदूळ मेच्या पहिल्या आठवड्यात आणावा. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ दाणे काढून ते काचेच्या बरणीत घालावेत, बरणीच्या तोंडाला पातळ सुती कापड घट्ट बांधावे आणि ती स्वयंपाकघरातल्या उबदार फळीवर ठेवावी. बरणीवर पोत्याची खूण लिहावी. महिनाभरात बरणीत किडे दिसले, तर ते पोते दमट हवा यायच्या आत वेगळे काढून आधी संपवता येते. बरणी स्वच्छ राहिली, तर मूठभर दाण्यांपुरती तरी खात्री मिळते. ही खात्री पूर्ण नसते, पण दुकानदाराच्या शब्दापेक्षा तिच्यावर जास्त भिस्त ठेवता येते.

तांदळाच्या बाबतीत एक सावधगिरी पाळावी लागते. सडीक तांदूळ रखरखीत उन्हात पसरला तर दाण्याला चिरा पडतात आणि शिजताना त्याची कणी होते. तांदूळ उन्हात घालू नये, असे जुन्या बायका सांगत, त्यामागचे कारण हे. तो सावलीत, वाऱ्यावर, चादरीवर पातळ पसरून वाळवावा. कडधान्याला मात्र ऊन मानवते, आणि त्याची गरजही कडधान्यालाच सर्वांत जास्त असते.

चवळी, मटकी, मूग, हरभरा, तूर यांना लागणारा भुंगा तांदळाच्या किड्याहून वेगळ्या वाटेने येतो. तो उडतो, आणि पीक शेतात उभे असतानाच पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालतो. साठवणीत गेल्यावर पुढच्या पिढीची मादी दाण्याच्या सालीवर अंडे चिकटवते. चवळीचे दाणे ताटात पसरून खिडकीच्या उजेडात धरले, तर काही दाण्यांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात. नख लावले तरी ते सहज सुटत नाहीत. ही अंडी असतात. अंड्यातून निघालेली अळी बाहेर येतच नाही, तळातून साल पोखरून सरळ दाण्यात उतरते. पंधरा-वीस दिवसांनी त्याच दाण्यावर एक गोल, काहीसा पारदर्शक डाग दिसू लागतो. बाहेर पडण्याची वेळ जवळ आली की अळी आतून साल एवढी पातळ करून ठेवते की भुंग्याने डोके लावले की गोल झाकणासारखी चकती उघडते. किडक्या चवळीवर दिसते ते नीट कापल्यासारखे वाटोळे भोक या चकतीचे.

हा भुंगा डब्यात आल्यावर काहीच खात नाही. दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात मादी साधारण ८० अंडी घालते. एका किलोत चवळीचे सात-आठ हजार दाणे बसतात. एका किलोच्या डब्यात एक जूनला फक्त पाच माद्या आहेत असे धरले, तर त्यांची ४०० अंडी होतात. त्यातली निम्मी जगली आणि जगलेल्यांत निम्म्या माद्या निघाल्या, तर जूनअखेर १०० माद्या तयार होतात. त्यांची आठ हजार अंडी म्हणजे डब्यातल्या प्रत्येक दाण्याला एक. जूनच्या शेवटी डब्यात तुरळक भुंगे दिसतात आणि ‘नंतर बघू’ म्हणून झाकण लावले जाते. जुलै संपताना तोच डबा उघडला, तर हाताला पीठ, भोके पडलेली टरफले आणि चक्क ऊब लागते. ही ऊब खरी असते. हजारो किड्यांच्या श्वासातून उष्णता आणि पाणी दोन्ही बाहेर पडते, त्यामुळे धान्य मधोमध तापते आणि बंद डब्यातही ओलसर होते. कीड दमटपणाही बरोबर घेऊन येते, ती अशी.

डाळींना हा भुंगा तितकासा लागत नाही. त्याला अखंड, सालीचा दाणा जास्त मानवतो. पावसाळ्यासाठी तूर, मूग, हरभरा साठवायचे असतील, तर शक्य तितके डाळीच्या रूपात ठेवणे शहाणपणाचे. मोडासाठी लागणारे कडधान्य मात्र अखंडच हवे, तेव्हा त्यावर दोन उपाय एकामागून एक करावे लागतात.

पहिला उपाय उन्हाचा, पण तो नेमकेपणाने करायला हवा. नुसते चादरीवर पसरून दिलेल्या उन्हात भुंगे पळून जातात आणि अळ्या बऱ्याचदा वाचतात. गच्चीवर किंवा अंगणात काळे प्लास्टिक अंथरावे, त्यावर कडधान्य बोटाच्या पेरापेक्षा जास्त जाड होणार नाही असे पसरावे, वरून पारदर्शक प्लास्टिक टाकून चारही कडांना विटा किंवा दगड ठेवावेत. मेच्या भर दुपारी, अकरा ते दोन, एवढ्या वेळात आतली उष्णता ६० अंशांच्या आसपास जाते. ५५ अंशांवर तासभर तापलेल्या दाण्यात अंडे, अळी, कोष, भुंगा यांतले काहीच जिवंत राहत नाही. वरच्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात. ते दाण्यातून निघालेले पाणी असते. अधूनमधून प्लास्टिक उचलून ते पुसून घ्यावे.

नंतर हे धान्य घरात आणून पूर्ण गार होऊ द्यावे. या ठिकाणी घाई झाली की केलेले सगळे वाया जाते. गरम धान्य डब्यात भरून झाकण लावले, तर रात्री डब्याचा पत्रा आधी गार होतो, आतली वाफ झाकणाला आणि कडांना थेंबांच्या रूपाने चिकटते आणि वरचा थर ओला होतो. महिन्याने डबा उघडल्यावर खालचे धान्य उत्तम आणि वरच्या थराला बुरशी, असे दिसले तर बहुधा कारण हेच असते. उलट रात्रभर उघडे ठेवूनही चालत नाही. कापडाखाली, घरात, दोन-तीन तासांत हाताला गार लागले की भरून टाकावे.

दुसरा उपाय एरंडेल तेलाचा. एक किलो कडधान्याला चहाचा एक लहान चमचा, म्हणजे सुमारे पाच मिलिलिटर तेल पुरते. ते एकाच जागी ओतू नये. परातीत धान्य घेऊन थेंब-थेंब टाकत दोन्ही तळव्यांनी चोळावे, प्रत्येक दाण्याला किंचित चकाकी येईपर्यंत. तेलाच्या पातळ थरावर मादीला अंडे नीट चिकटवता येत नाही, आणि चिकटले तरी त्यातल्या जिवाला हवा मिळत नाही. म्हणून हा उपाय कडधान्यावर चांगला लागू पडतो, कारण तिथे अंडे दाण्याच्या बाहेर असते. तांदळात अंडे दाण्याच्या आत असल्याने तेलाचा तेवढा उपयोग होत नाही, शिवाय भात चिकट होतो तो वेगळाच. शेंगदाण्याचे तेलही भुंग्याला अडवते, पण काही आठवड्यांत ते खवट होते. एरंडेल तेवढ्या लवकर बिघडत नाही. तेल आधीपासून आत असलेल्या अळीला मारत नाही, म्हणून आधी ऊन आणि मग तेल हा क्रम उलटा करता येत नाही. शिजवण्याआधी दाणे कोमट पाण्याने दोनदा धुतले की तेल उतरते.

राखेत कडधान्य ठेवण्याची जुनी पद्धतही याच तत्त्वाने चालते. बारीक राखेने दाण्यांमधल्या पोकळ्या भरून गेल्या की भुंग्याला एका दाण्याकडून दुसऱ्याकडे जायला वाट राहत नाही. पण राख नावापुरती भुरभुरून काही होत नाही, ती जवळजवळ धान्याइतकीच लागते. चुलीची घरे कमी झाली आणि हा उपायही मागे पडला.

पिठाची गोष्ट वेगळी. पिठातला तांबडा भुंगेरा अखंड दाण्याला फारसा लागत नाही. त्याला फुटलेला दाणा, कणी, रवा आणि पीठ लागते. त्याची अंडी अगदी बारीक आणि चिकट असतात, पिठाचा थर अंगाला लागल्याने ती दिसतही नाहीत, आणि घरातल्या नेहमीच्या चाळणीतून पिठाबरोबर खाली उतरतात. चाळून किडे आणि मोठ्या अळ्या निघतात, पुढची पिढी पिठातच राहते. भुंगेऱ्यांची संख्या वाढली की त्यांच्या अंगातून सुटणाऱ्या रसायनाने पिठाला उग्र वास येतो आणि किंचित गुलाबी छटा दिसते. असे पीठ चाळून वापरू नये, टाकून द्यावे. रव्यात, तांदळाच्या पिठात आणि जुन्या तांदळात कणांना एकमेकांशी गुंतवणारी जाळी दिसली, तर ते काम पतंगाच्या अळीचे.

पीठ साठवण्याचा खरा उपाय म्हणजे ते न साठवणे. गहू अखंड असेपर्यंत वरच्या सालीने जपलेला असतो. दळला की हवा, ओल आणि भुंगेरा या तिघांनाही तो मोकळा होतो. कोंड्यासह दळलेल्या कणकेत अंकुरातले तेल असते, त्यामुळे ती हळूहळू खवट होते. बाजरीच्या पिठात तर हे इतक्या लवकर होते की आठवड्यात भाकरी कडवट लागू लागते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांना पुरेल एवढेच दळून आणणे हे सर्व औषधांपेक्षा चांगले. गिरणीतून पीठ गरम येते, ते तसेच डब्यात भरले की वर सांगितलेली वाफेची गोष्ट घडते आणि गुठळ्या पडतात. पीठ परातीत मोकळे करून तासभर गार होऊ द्यावे. गिरणीच्या कापडी नळीत आणि जात्याच्या फटीत आदल्या गिऱ्हाइकांचे जुने पीठ असते. भुंगेऱ्याची अंडी तिथूनही येतात, म्हणून सकाळी पहिल्यांदा दळलेल्यापेक्षा चार डबे झाल्यावर दळलेले पीठ बरे.

पीठ, बेसन किंवा रवा जास्त काळ ठेवायचाच असेल, तर एक-एक किलोच्या बंद पिशव्या करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. उणे १८ अंशांवर चार दिवसांत अंडीही मरतात. घरचा जुना फ्रीजर तेवढा थंड होत नसेल किंवा वीज जात असेल, तर आठवडा द्यावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नये. थंड पिठावर दमट हवेतले पाणी, गार तांब्यावर दव साचावे तसे, साचते. पिशवी न उघडता रात्रभर बाहेर राहू द्यावी. फ्रीजच्या साध्या कप्प्यात कीड मरत नाही, फक्त तिची वाढ थांबते. रव्याला फ्रीजरऐवजी तवा चालतो. मंद आचेवर हाताला चटका बसेल इतका गरम होईपर्यंत परतला, पूर्ण गार केला आणि मग भरला, की तो पावसाळाभर टिकतो.

घरोघरी चालणाऱ्या काही उपायांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची सवय महाराष्ट्रात फार पसरलेली आहे. बोरिक ॲसिड अन्नात मिसळायला परवानगी नाही, कारण ते शरीराला घातक आहे, आणि लहान मुलांना त्याचा धोका जास्त. तांदूळ धुतल्यावर ते सगळे निघून जाते, असे धरून चालता येत नाही. शिवाय ही भुकटी किड्याच्या पोटात जावी लागते, दाण्याच्या आत बसलेल्या अळीपर्यंत ती पोचतच नाही. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवणे त्याहून वाईट, कारण पारा हे विष आहे. सर्वांत भयंकर म्हणजे गोदामात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून सुटणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो. सामान्य ग्राहकांना त्या विकायच्याच नसतात, आणि घरात त्या कोणत्याही कारणाने आणू नयेत.

कडुनिंबाचा पाला निरुपद्रवी आहे, पण तो सावलीत पूर्ण वाळवलेला हवा. ओला पाला डब्यात टाकणे म्हणजे डब्यात पाणी टाकणे. त्याने, लवंगेने किंवा सुक्या मिरचीने बाहेरचा किडा थोडाफार दूर राहतो. आत शिरलेल्याला त्याचे काही वाटत नाही. या वस्तू भरवशाचा उपाय म्हणून धरू नयेत.

डब्याचे काम दोन गोष्टींवर ठरते: तो किती घट्ट आहे आणि किती भरलेला आहे. काठोकाठ भरलेल्या घट्ट डब्यात हवा थोडी असते. आतल्या किड्यांनी तिच्यातला प्राणवायू वापरला की ते स्वतःच गुदमरतात. सोलापूर आणि मराठवाड्याच्या कोरड्या भागात ज्वारीची पेवे वर्षानुवर्षे याच कारणाने टिकत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत, आधी दिवा सोडून पाहत, कारण आतल्या हवेत माणूसही गुदमरतो. अर्धवट रिकाम्या पिंपात मात्र हवा भरपूर असते, आणि दर वेळी झाकण उघडले की नवी, दमट हवा आत जाते. पातळ प्लास्टिकची पिशवी काही किडे कुरतडून पार करतात, तेव्हा बाजारातल्या पिशवीतच धान्य ठेवून द्यायला नको.

चिपळूणसारख्या गावातल्या चार माणसांच्या घराचा हिशेब घेऊन हे सगळे एकत्र लावून पाहता येते. भात जेवणाऱ्या या घराला दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ लागतो असे धरले, तर जून ते सप्टेंबर सुमारे ७३ किलो, म्हणजे २५ किलोची तीन पोती. पोती मेच्या सुरुवातीला येतात, प्रत्येकाची नमुन्याची बरणी लागते, बाटलीतल्या मिठाची परीक्षा होते. २५ किलो तांदळाला साधारण ३० लिटरचा डबा लागतो. असे तीन डबे मेच्या उन्हात चांगले तापवून, शिवणीत अडकलेली जुनी कणी ब्रशने काढून, कोरड्या कापडाने पुसून गार केलेले असतात. भरायच्या आदल्या दिवशी डबा पाण्याने धुऊ नये, शिवणीतले पाणी दिसत नाही आणि वाळतही नाही. मेअखेरीस बरण्या तपासून तांदूळ भरायचा, वर जाड प्लास्टिकचा कागद दाबून झाकण बसवायचे आणि झाकणाच्या कडेला रुंद चिकटपट्टी फिरवायची. डबे लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर. फरशी आणि भिंत दोन्ही पावसाळ्यात गारठतात, आणि गार पत्र्यावर पाणी सुटते.

यातला एकच डबा उघडायचा, आणि रोजच्यासाठी त्यातून पाच किलो लहान डब्यात काढायचे. ते साधारण आठ दिवस पुरतात. मोठा डबा अशा रीतीने सुमारे चाळीस दिवसांत पाच वेळाच उघडतो, तोही पाऊस थांबलेला असताना, दुपारी. रोज उघडमीट होते ती लहान डब्याची, आणि त्यातला तांदूळ सादळायच्या आत संपतो. लहान डबा रिकामा झाला की तळ पुसून मगच पुन्हा भरायचा. जुन्या तांदळावर नवा ओतला की तळातली एक मूठ साऱ्या मोसमाची कीड पुढे चालवते. तीन किलो चवळी आणि दोन किलो मटकी उन्हाचा आणि तेलाचा संस्कार होऊन अर्ध्या-अर्ध्या किलोच्या बरण्यांत काठापर्यंत भरलेली. एका बरणीत भुंगा निघाला तर अर्धा किलोच जाते. गहू कोरडा करून बंद पिंपात, आणि दर दहा दिवसांनी तीन किलो दळण.

दर पंधरा दिवसांनी पाहणी लागते, तिला पाच मिनिटे पुरतात. झाकण काढल्याबरोबर वास घ्यावा, मनगटापर्यंत हात घालून मधला भाग उबदार लागतो का ते पाहावे, तळाची मूठ काढून काळ्या ताटात पसरावी. पांढरी भुकटी दिसली तर दाणे पोखरले जात आहेत. पिठाच्या डब्यात वरचा थर उलथन्याने सपाट करून रात्रभर ठेवावा. सकाळी त्यावर रेघा किंवा बारीक खळगे उमटलेले असतील, तर खाली हालचाल आहे.

कीड निघालीच, तर काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे बुरशीवर ठरते. तांदळात थोडे टोके झाले आणि वास, रंग, मोकळेपणा ठीक असेल, तर तो निवडून, पाण्यात टाकून वर तरंगणारे पोखरलेले दाणे काढून, लगेच वापरून संपवता येतो. टोके माणसाला रोग देत नाहीत. उरलेला तांदूळ फ्रीजरमध्ये चार दिवस राहिला की आतली पिढीही संपते. भोके पडलेल्या चवळीला मोड नीट येत नाहीत आणि शिजल्यावर ती कडवट लागते. ती कोंबड्यांपुढे टाकावी, पण बुरशी नसेल तरच. हिरवट-काळी बुरशी, गोळे, कुबट वास यांतले काहीही असेल, तर धान्य धुऊन, वाळवून, शिजवून सुधारत नाही. काही बुरशींची विषे उकळण्याने नष्ट होत नाहीत, आणि ती जनावरांनाही बाधतात. असे धान्य निवडायला न बसता पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढावे, डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुवावा, आणि तो पुढच्या कडक उन्हापर्यंत रिकामा, उघडा ठेवावा.